धागा: एसटी वाहकाच्या तोंडचं गाणं लिहितोय, स्वारगेट ते भोर. मसुदा वाचून सांगा कुठं खोटं वाटतंय

मावळवारा

गणपतीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी गाणं लिहायला घेतलं आहे. गाणारा एकच, सोबत ढोलकी, हार्मोनियम आणि मागे चार-पाच पोरांचा कोरस. गाणं एसटीच्या वाहकाच्या तोंडचं आहे. वाहकावरचं गाणं मला नको आहे. तो स्वतः दिवसभर जे बोलतो त्यातूनच ते उभं राहायला हवं: त्याच्या हाका, त्याचे शब्द आणि रोजच्या रस्त्याची लय. मार्ग स्वारगेट ते भोर, साधी गाडी. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक याच गाडीने जाणारे असणार, त्यामुळे एक शब्द जरी खोटा पडला तरी त्यांना कळेल.

पहिला मुखडा असा झालाय:

ए भोर भोर भोर भोर, आहे जागा चार
टिंग टिंग दोरी ओढली, थांबली मोटार
पुढे चला, पुढे चला, सुट्टे द्या हो राव
माझ्या लालपरीला या ठाऊक सारे गाव

चाल साधी, केरव्यात. गाणाऱ्याला मुखडा आवडलाय, मला मात्र तो अजून बाहेरचा वाटतोय. ज्यांनी हे काम केलंय किंवा जे रोज प्रवास करतात त्यांनी मोकळेपणी सांगा.

शब्दवेल्हाळ

कल्पना फार सुंदर आहे. एसटीचा इतिहासही घाला की. पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर धावली. एक कडवं त्यावर आलं तर गाण्याला वजन येईल. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीदवाक्यही बसवता येईल.

डबलबेल

मावळवारा दादा, मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. भोरच्या बाजूला भरपूर ड्युट्या केल्यात, म्हणून लिहितो. राग मानू नका.

दोन घंट्या दिल्या की गाडी सुटते, थांबत नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तुमच्या गाण्यात टिंग टिंग झालं आणि मोटार थांबली. भोरमधलं शाळकरी पोरगंसुद्धा हे धरील. डायवरला मागचं काही दिसत नाही. शेवटच्या माणसाचा पाय आत आला का, दार लागलं का, हे मी बघायचं आणि मग दोरी ओढायची. दोन टोल पडल्याशिवाय डायवर गिअर टाकत नाही. म्हणजे ती घंटी हा माझा हुकूम आहे. गाण्यात ती नुसती सजावटीला ठेवू नका.

दुसरं, ‘जागा चार’ हे वडापवाल्याचं बोलणं झालं. त्याचं पोट सीट भरण्यावर, म्हणून तो गळा काढून ओरडतो. एसटीचा वाहक स्टँडवर तसा ओरडत नाही. तिथं पाटी असते, कंट्रोल केबिनमधून भोंग्यावर पुकारा होतो. दारात उभं राहिल्यावर लोक विचारतात, ‘शिंदेवाडीला थांबती का? वेळूला?’ त्याला मी उत्तर देतो. माझा खरा आवाज सुरू होतो तो गाडी हलल्यावर, आत.

तिसरं, ‘पुढे चला’ हे आमचं नाही. आमच्या गाडीचं दार पुढं. लोक चढून तिथंच दाराशी थांबतात. म्हणून आम्ही घसा फोडतो तो ‘मागं सरका, मागं सरका’ म्हणून. उतरणाऱ्याला मात्र ‘पुढं या’. चढणारा मागं आणि उतरणारा पुढं, ही दोन्ही वाक्यं दिवसभर चालू.

आणि शब्दवेल्हाळ, 1948 चं सगळं खरं आहे, पण भरल्या गाडीत बुकिंग करणारा माणूस ते बोलत नाही. गाणं त्याच्या तोंडचं म्हणताय ना?

परळ_ते_वरळी

‘पुढे चला’ चूक कसं? आम्ही लहानपणापासून हेच ऐकतोय. बेस्टच्या गाडीत पूर्वी मागून चढायचं आणि पुढून उतरायचं, त्यामुळे कंडक्टर मागे उभा राहून सगळ्यांना पुढे ढकलायचा. मुंबईचं गाणं असतं तर ‘पुढे चला’ हाच मुखडा झाला असता. घंटीचं सांगायचं तर दोनवर काम संपत नाही. तीन टोल म्हणजे गाडी भरली, आता मधल्या थांब्यावर थांबू नको. तेही घ्या गाण्यात, तिसऱ्या टोलाला कोरस एकदम उसळेल.

डबलबेल

बेस्टमध्ये असेल तसं. तुमची गाडी मागून चढायची, म्हणून तुमचं बोलणं उलट. एकच धंदा, पण दार फिरलं की हाक फिरली. तीन टोलाचं म्हणाल तर आमच्यात भरल्या गाडीला कुणी देत, कुणी नुसतं ‘चलू द्या’ म्हणत.

रातराणी_गाडी

आमच्या बाजूला तीन घंट्या म्हणजे काहीतरी गडबड आहे, लगेच थांबव, असं वडील सांगायचे. तेही वाहक होते.

परळ_ते_वरळी

मी मुंबईपुरतं ठाम आहे.

लघुगुरू

घंटीचं तुम्ही बघा. मी मार्गाकडे वेगळ्या कारणाने बघत बसलो आणि आनंदाने उडालो. क्रमाने थांबे लिहा: कात्रज, शिंदेवाडी, वेळू. आता मात्रा मोजा. कात्रज चार, शिंदेवाडी आठ, वेळू चार. एकूण सोळा! त्याही सुट्या सुट्या नाहीत, चार-चारचे चार गट सरळ पडतात: कात्रज, शिंदे, वाडी, वेळू. गावांचा क्रम न बदलता, एक अक्षर न घालता, रस्त्यानेच पादाकुलकाची ओळ बांधून दिली आहे. ‘भोर भोर भोर’ सोडा आणि हा मुखडा घ्या:

कात्रज शिंदेवाडी वेळू

पुढे मात्र अडचण आहे. ‘खेड शिवापूर’ नऊ मात्रा, ‘नसरापूर’ सात. बेरीज सोळाच, पण ‘रा’ हे अक्षर तिसऱ्या आणि चौथ्या गटाच्या मध्ये अडकतं. अशी ओळ गाता येणार नाही, तुटते.

ढोलकीवाला_भाऊ

लघुगुरू साहेब, पहिल्या ओळीला सलाम. केरव्याची दोन आवर्तनं बरोबर भरली. पण दुसरी ओळ तुटते म्हणालात ते पटलं नाही. कागदावर तुटते. गाताना ‘रा’ समेच्या आधी उचलायचा आणि समेवर ताणत न्यायचा, हे आम्ही रोज करतो. गर्दीतून वाट काढत बोलणाऱ्या माणसाचं बोलणं थोडं ठेक्याच्या पुढे-मागेच पाहिजे. सगळ्या ओळी चार-चारच्या खुणांवर पडल्या तर ते बालवाडीचं गाणं होईल. एखादी ओळ सरळ, एखादी सरकलेली, असं ठेवा.

शिवाय ‘भोर’ तुम्ही तीनच मात्रांचा धरणार. हाकेत तो कधी तीनचा नसतो. ‘भोऽऽर’ म्हणताना ओकार लांबतो आणि चार पुरतात.

लघुगुरू

ओळीच्या शेवटी लघूचा गुरू मानायला माझी हरकत नाही, ती सूट जुनीच आहे. मध्येच अक्षर गटावर ताणून नेणं मात्र मला आळस वाटतो. गाणाऱ्यावर ढकलण्याआधी लिहिणाऱ्याने प्रयत्न करावा. ‘नसरापूर’ला जोडण्याऐवजी वाहकाचा प्रश्नच तिथं घ्या: ‘खेड शिवापूर कोण हाये’. खेड शि, वापू, र कोण, हाये. चार-चारचे चार गट, आणि वाक्य त्याचंच.

डबलबेल

हे अगदी असंच बोलतो आम्ही. ‘शिवापूर कोण हाये? या पुढं.’ मात्रांचं मला कळत नाही, पण हे वाक्य खरं आहे.

तळेगावकर_सुहास

स्वारगेटवरून भोरला शेवटची गाडी किती वाजता असते? पुढच्या आठवड्यात लग्नाला जायचंय, परतीचंही कळलं तर बरं.

डबलबेल

वेळा बदलत असतात दादा, इथल्या कुणाच्या भरवशावर राहू नका. स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर विचारा. आणि लग्नसराईत थोडं आधीच निघा.

मृण्मयी_प

मी नसरापूर फाट्यावरून चढते आणि स्वारगेटला उतरते, नोकरीसाठी रोज. दोन गोष्टी सांगते.

मसुद्यातली शेवटची ओळ, ‘लालपरीला ठाऊक सारे गाव’, ही प्रवाशाच्या मनातली आहे. गाडीवर प्रेम आम्ही करतो, वाहकाला तेवढा वेळ नसतो. त्याचं लक्ष हातातल्या नोटेवर, दारावर आणि कोण चुकवून बसलंय त्याच्यावर. गाण्यात प्रेम दिसायचंच असेल तर ‘आजी, सावकाश’ एवढ्यात दिसू दे.

दुसरं म्हणजे तिकिटाची भाषा बदलली आहे. पूर्वी ‘एक फुल, एक हाफ’ म्हटलं की हाफ म्हणजे लेकरू. मार्च 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. आता मी पोराला घेऊन चढले की आम्ही दोघंही अर्धे. वाहक विचारतो, ‘ताई, तुमचं अर्धं, पोर केवढं?’ पाच वर्षांच्या आतलं असेल तर त्याचं तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. आजी-आजोबांचं आणखी वेगळं. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं. म्हणून कार्ड बघितल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. कमरेला पिशवी बांधलेली आजी ते कार्ड कुठल्या तरी आतल्या कप्प्यातून काढेपर्यंत सगळी रांग थांबलेली असते. आजचं गाणं असेल तर हे त्यात हवंच.

आणि वाहक बाई असू शकते हेही लक्षात घ्या. माझ्या सकाळच्या गाडीवर बरेचदा बाईच असते.

मावळवारा

मृण्मयीताई, हे फार मोलाचं आहे. बाईच्या आवाजात गाणं झालं तर ‘मागं सरका’ वेगळं ऐकू येईल. पण आमचा गाणारा पुरुष आहे, त्यामुळे या वर्षी तरी पुरुषाच्याच तोंडचं ठेवतो. ‘मी आलो, मी गेलो’ अशी क्रियापदं टाळली तर तेच शब्द पुढच्या वर्षी एखादी मुलगीही गाऊ शकेल. तसं लिहून बघतो.

एक प्रश्न डबलबेल काकांना. पंचची टिकटिक घ्यायची फार इच्छा आहे. ढोलकीबरोबर खरा पंच वाजवायचा विचार आहे. चालेल?

डबलबेल

पंच म्हणजे आमचा हात होता. ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे, त्यातून हवी ती फाडायची, पंच मारायचा. तिकीट मागताना ओरडायचा कंटाळा आला की सीटच्या दांडीवर पंच ठोकायचा, टिक टिक टिक, लोक आपोआप खिशात हात घालायचे. टप्पा आला की वेबिलवर शेवटच्या तिकिटांचे नंबर लिहायचे. एसटीचा टप्पा 6 किलोमीटरचा. तो गाठायच्या आत बुकिंग संपलं पाहिजे, नाहीतर मधल्या स्टॉपवर चेकर चढला की उत्तर द्यावं लागतं.

पण ऐका. पंच घेतला तर काळ मागे जातो. त्या काळात ना मोबाइलवरचे पैसे, ना बायकांचं अर्धं तिकीट. आणि रस्ताही वेगळा. तेव्हाची गाडी कात्रजच्या जुन्या घाटानं चढायची, पहिल्या गिअरवर, डायवर स्टिअरिंगशी झुंजायचा. आता नव्या बोगद्यातून सरळ सुटते. तुम्ही पंचची टिकटिक आणि आजीचं कार्ड एका गाण्यात घातलंत, तर पंच वापरलेला माणूस म्हणेल, याला काहीच माहीत नाही. एक काळ धरा.

ढोलकीवाला_भाऊ

मला पंच सोडवत नाही. वाद्य म्हणून त्याला तोड नाही, सुका आवाज, चिपळीपेक्षाही नेमका. मशिनचा कागद निघतानाचा चर्र आवाज ठेक्यात बसवून बसत नाही.

मृण्मयी_प

पण ऐकायला येणारे बहुतेक जण मशिनचं तिकीट घेऊन आलेले असणार.

मावळवारा

आजचा काळ धरतो. पंच मनातून जात नाही, पण आजीचं कार्ड त्याहून जास्त हवं आहे.

काका, आणखी एक. पोरांना शेवटी भोर स्टँडवर गाडी लावतानाची ‘येऊ दे, येऊ दे’ आणि शिट्टी घ्यायची आहे. धमाल शेवट होईल असं त्यांना वाटतं.

डबलबेल

शेवटाला नको. स्टँडवर गाडी येते ती तोंड फलाटाकडे करून, सरळ आत. मागं काढायची वेळ येते ती सुटताना. वाहक मागं जाऊन उभा राहतो, शिट्टी फुंकतो, पत्र्यावर हात मारतो, ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास!’ मग आत चढतो, दार लावतो, आणि त्यानंतर डबल बेल. म्हणजे तुमची ‘येऊ दे’ गाण्याच्या पहिल्या आवाजाला पाहिजे. आधी शिट्टी, मग येऊ दे, मग बास, मग दोन टोल आणि मग गाणं.

ढोलकीवाला_भाऊ

थांबा थांबा. ‘येऊ दे’ सहा मात्रांचं आहे. दोन, दोन, दोन. तो दादरा झाला! गाडी मागं जाते तोवर दादरा, ‘बास’वर ठेका बंद, दोन टोल, आणि गाडी पुढं निघाली की केरवा. गाडीची दिशा बदलली की ताल बदलतो. हे ठरवून सुचलं नसतं.

लघुगुरू

लिहिताना सहा. पण कुणी ‘येउंद्या’ म्हणतं, कुणी घाईत ‘येंदे’ म्हणतं. तुम्ही ‘येऊ दे’ स्वच्छ म्हणवून घ्या, तर सहा मिळतील.

रातराणी_गाडी

घंटीबद्दल एक सुचवू का? दोन टोलावर गाणं सुरू होतं, हे छान. मग एका टोलावर ते खरोखर थांबलं पाहिजे. ओळ पुरी होवो न होवो. कुणीतरी ‘मास्तर थांबा, मास्तर थांबा’ म्हणतं, एक टिंग, ठेका तिथंच तुटतो, गायक बोलल्यासारखं ‘उतरा, उतरा’ म्हणतो, पुन्हा दोन टोल आणि ठेका जिथं तुटला तिथून पुढं. आम्ही वडिलांबरोबर त्यांच्या गाडीत बसायचो तेव्हा त्यांची वाक्यं कायम अशीच अर्धी राहायची. एखाद्याला काही सांगत असायचे, मध्येच टोल द्यायचे, माणूस उतरवायचे आणि सुटलेल्या शब्दापासून पुढं बोलायचे.

डबलबेल

बरोबर बोललात. घरीपण तशीच सवय लागते.

मावळवारा दादा, मुखड्याबद्दल माझी एक सूचना. तुम्ही तोच मुखडा दर कडव्यानंतर पुन्हा म्हणणार. पण गाडी वेळूच्या पुढं गेल्यावर कात्रज कोण पुकारील? मागं गेलेलं गाव वाहक पुन्हा घेत नाही. म्हणून दर वेळी मागं पडलेल्या गावांची ओळ गाळा. मुखडा कमी कमी होत जाऊ द्या.

ढोलकीवाला_भाऊ

काका, तुम्ही गाणी लिहीत नाही असं म्हणू नका आता.

शब्दवेल्हाळ

पण मुखडा पूर्ण परत आला नाही तर लोक साथ कशी देणार? कार्यक्रमात टाळ्या मुखड्यालाच पडतात. मला हे धोक्याचं वाटतं.

मावळवारा

धोका आहे, पण घेऊन बघतो. साथीसाठी कोरसला ‘मागं सरका, मागं सरका’ देतो, ते गाडीत शेवटपर्यंत संपत नाही. सगळ्यांचं ऐकून नवीन मसुदा असा झालाय. कंसातल्या खुणा वाजवणाऱ्यांसाठी.

(शिट्टी. दादरा.)
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, येऊ दे
बास!
(टिंग टिंग. केरवा सुरू.)

कात्रज शिंदेवाडी वेळू
खेड शिवापूर कोण हाये
नसरापूर फाटा, या पुढं
कपूरहोळ, चला भोर भोर

मागं सरका, मागं सरका
दारामधले वर या आधी
बोला कुठलं, बोला कुठलं
सुट्टे काढा, सुट्टे काढा

(बोगदा. फक्त ढोलकी, शब्द नाहीत.)

खेड शिवापूर कोण हाये
नसरापूर फाटा, या पुढं
कपूरहोळ, चला भोर भोर

आजी तुमचं कार्ड बघू द्या
ताई अर्धं, पोर केवढं
फोन दाखवा, पैसे आले
कोण राहिलं, कोण राहिलं

(कोरस) मास्तर थांबा, मास्तर...
(टिंग. सगळं बंद.)
उतरा उतरा, सावकाश हो
(टिंग टिंग. ठेका पुन्हा.)

कपूरहोळ, चला भोर भोर

अण्णा, पिशवी पायात नको
मागं सरका, मागं सरका...

बोगद्यात गायक गप्प आहे. तिथं आवाज घुमतो, कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून.

मृण्मयी_प

‘कोण राहिलं, कोण राहिलं’ वाचताना मी पर्समध्ये हात घातला. ‘फोन दाखवा, पैसे आले’ हेही खरं. पैसे गेल्याचं आमच्या फोनवर दिसतं आणि त्यांच्या मशिनवर यायला वेळ लागतो, रेंज नसली की दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत उभे.

बोगद्याची जागा मात्र तपासा. शिंदेवाडी बोगद्याच्या पलीकडे आहे, आणि वेळू त्याच्याही पुढे. दुसऱ्या मुखड्यात तुम्ही पहिली ओळ अख्खी गाळलीत, म्हणजे बोगद्यातून बाहेर पडताच वेळूही मागे पडलं. बोगद्यानंतर एकदा ‘शिंदेवाडी, वेळू’ यायला हवं.

लघुगुरू

ते सोपं आहे. ‘शिंदेवाडी’ आठ, ‘वेळू’ चार, एकूण बारा. एकटं कात्रज गाळलं की बरोबर चार मात्रा मोकळ्या राहतात. तिथं काही भरू नका. ओळ मोकळ्या चार मात्रांनी सुरू करा, जिथं कात्रज होतं तिथं नुसती ढोलकी. कात्रज गेलं हे ऐकणाऱ्याला आपोआप कळेल.

‘नसरापूर फाटा, या पुढं’ मध्ये ‘फा’ गटावर चढतोय. भाऊंसाठी सोडून देतो.

ढोलकीवाला_भाऊ

उपकार झाले. ‘फा’ मी उचलतो.

डबलबेल

कपूरहोळच्या पुढचं कडवं अजून कच्चं आहे. हायवे सुटला की गाडीतलं बोलणं बदलतं. तोवर अर्धी माणसं ओळखीची राहिलेली असतात. तिथं ‘बोला कुठलं’ कुणी विचारत नाही, चेहरा बघून तिकीट फाडतो. म्हणजे आता मशिनवर दाबतो. ‘अण्णा’ आणलात हे बरोबर, पण अण्णाला पिशवीवरून टोकायच्या आधी त्याच्या म्हशीची चौकशी होते. पावसाळ्यात भाताची लावण, नंतर कापणी, दवाखान्यात कोण आहे, असं सगळं. आणि आवाज खाली येतो. गर्दीतला चढा आवाज भोरपर्यंत नेऊ नका. शेवटच्या पट्ट्यात वाहक पैसे मोजत असतो, नोटा लावत असतो. डेपोत रोकड भरताना कमी पडली तर आपल्या खिशातून घालावी लागते, त्यामुळे अण्णाशी बोलता बोलता ओठांवर आकडे चालू असतात.

रातराणी_गाडी

आकडे मोजणं! ते कोरसला द्या. गायक अण्णाशी बोलतोय आणि मागं कोरस हलक्या आवाजात ‘शंभर, दोनशे, तीनशे’.

मावळवारा

घेतलं. ‘शंभर, दोनशे’ चालीत बसतंय का ते आज रात्री तालमीत बघतो. अण्णाचं कडवं म्हशीपासून सुरू करतो. सुचलेली पहिली ओळ: ‘अण्णा, म्हैस व्याली का हो’.

लघुगुरू

ओळ पंधरा मात्रांची आहे, ‘हो’ लांबवा म्हणजे भरेल. तालमीआधी एवढं ठरवा की गाडी भोरला संपवणार की परत आणणार? मी परतीचे थांबे मोजून बघितले. ‘वेळू शिंदेवाडी कात्रज’ उलटसुद्धा सोळाच, चार-चारच्या गटांत, त्याला हातही लावावा लागत नाही. ‘भोर कपूरहोळ नसरापूर’ मात्र सतरा होतात. एक जास्त.

ढोलकीवाला_भाऊ

भोरवरून सकाळच्या पहिल्या गाडीला ‘भोर’ म्हणायची गरजच काय? गाडी भोरमध्येच उभी आहे. ‘कपूरहोळ’पासून सुरू करा.

लघुगुरू

मग चौदा. दोन कमी.

डबलबेल

त्या दोनमध्ये दोन टोल द्या.

परळ_ते_वरळी

आणि भरली असेल तर तीन.

रातराणी_गाडी

तीन दिले तर आमच्याकडची गाडी जागेवर थांबेल.